हातउसने मागणारा मित्र आणि महिनाअखेरचा हिशेब

‘अरे, जरा एक काम होतं तुझ्याकडे,’ अशी सुरुवात झाली की ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा पुढचं वाक्य कळलेलंच असतं. फोनवर क्षणभर शांतता पसरते आणि मग आकडा येतो. पन्नास हजार, दीड लाख, कधी तीन लाख. मागणारा शाळेपासूनचा मित्र असतो, त्याच्या घरी आपण जेवलेलो असतो, त्याची आई आपल्याला नावाने ओळखते. पैसे मात्र खरोखरच नसतात, किंवा असतात ते घरातल्या अडीअडचणीसाठी बाजूला काढलेले असतात. अशा वेळी तोंडातून बाहेर पडणारा शब्द जवळपास ठरलेला असतो : ‘बघतो.’

मैत्रीचं सगळ्यात मोठं नुकसान हा ‘बघतो’ करतो. नकाराने मित्र दुखावतो हे खरं, पण त्यातून तो सावरतोही. ‘बघतो’ने त्याचे दिवस जातात. तो दुसरीकडे विचारत नाही, बँकेत अर्ज करत नाही, कारण त्याच्या मनातल्या यादीत आपलं नाव ‘होकार’ या रकान्यात लिहिलेलं असतं. आठ दिवसांनी आपण भिडेखातर लांबवलेला नकार देतो, तेव्हा पैसे गेलेले असतात आणि वेळही गेलेली असते. मित्राच्या मनात राहतं ते हे दुसरं.

हे कसं घडतं ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पिलेलं आहे, पण त्यातला हिशेब कुठल्याही पगारदार घरातला आहे. एक मित्र चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे, दुसऱ्याचं कराडला किराणा दुकान आहे. दुकानदाराच्या मुलीला केंद्रीय प्रवेश फेरीतून पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली आहे. जागा मिळाल्यावर ठरलेल्या तीन-चार दिवसांत महाविद्यालयात हजर राहून प्रवेश पक्का करावा लागतो, नाहीतर ती जागा हातची जाते. दुकानदार मित्र दीड लाख मागतो. ‘दिवाळीपर्यंत देतो परत’, असं म्हणतो, आणि ते म्हणताना तो खोटं बोलत नसतो.

चाकणच्या मित्राचा हातात येणारा पगार ४६,००० रुपये. त्यातले १७,५०० घराच्या हप्त्याला जातात, १६,००० घरखर्चाला, ५,००० मुलांची शाळा आणि बसला, २,५०० वडिलांच्या औषधांना, २,००० विम्याला. उरतात ३,०००. बँकेत १,८०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही रक्कम म्हणजे दीड लाख देऊनही तीस हजार उरतील अशी सोय वाटते. घराच्या दृष्टीने ती नोकरी गेली तर जेमतेम चार महिने चूल पेटती ठेवणारी रक्कम आहे, कारण महिन्याचा खर्चच ४३,००० आहे. दुकानदाराने दिवाळीऐवजी महिना पाच हजारांप्रमाणे परतफेड केली, तर पूर्ण रक्कम यायला अडीच वर्षं लागतील. तेवढ्या काळात या घरात कुणी आजारी पडणार नाही, अशी खात्री कोण देणार?

‘मला परवडत नाही’ हे वाक्य असं कागदावर उतरवल्याशिवाय बोलायला जड जातं. मनात संशय राहतो की आपण कंजूषपणा करतो आहोत. आकडे मांडले की दोन प्रश्न पुरतात. हे पैसे दोन वर्षं आले नाहीत तर घर चालेल का? आणि आलेच नाहीत, तर या मित्राकडे पूर्वीसारखं जाता येईल का? दोन्हींपैकी एकाचं जरी उत्तर ‘नाही’ असेल तर नकार हाच प्रामाणिक निर्णय आहे. दिलेल्या पैशांमुळे तुटलेल्या मैत्र्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी पाहिलेल्या असतात. तगादा लावावा लागतो, समोरचा तोंड चुकवू लागतो, लग्नाकार्यात दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसतात. पैसे घेणारा मनाने वाईट असतो असं नाही. देणं फिटत नाही याची लाज त्याला समोर येऊ देत नाही, इतकंच.

हा हिशेब नवराबायकोने एकत्र बसून करावा, पण नकार देताना तिचं नाव पुढे करू नये. ‘माझी तयारी होती रे, पण घरी नको म्हणतात’ हे वाक्य सोपं वाटतं. त्या एका वाक्याने दोन कुटुंबांमधला जिव्हाळा आटतो. पुढच्या हळदीकुंकवाला वहिनींची नजर बदललेली असते आणि ती का बदलली हे जिच्यावर ठपका आला तिला कळतही नाही. निर्णय दोघांचा असेल तर बोलणाऱ्याने तो ‘आम्ही’ म्हणून सांगावा.

दुसरी सवय म्हणजे खोटं कारण. ‘पैसे मुदत ठेवीत अडकलेत’ असं सांगितलं की मित्र लगेच म्हणतो, ‘मोड ना, व्याजाचं नुकसान मी भरून देतो.’ ‘नुकतेच भावाला दिले’ म्हटलं, तर तो विचारतो, ‘पुढच्या महिन्यात जमेल?’ गरजेतला माणूस प्रत्येक सबबीवर तोडगा शोधतो, आणि शोधणारच. एक सबब निकालात निघाली की दुसरी द्यावी लागते. मग तीन महिन्यांनी घरात नवी दुचाकी आली की सगळं उघडं पडतं. खऱ्या कारणाला मात्र तोडगा नसतो. ‘आमच्याकडे चार महिन्यांच्या खर्चापलीकडे काही नाही आणि ते मी हलवू शकत नाही’, यावर वाद घालायला जागा उरत नाही.

लोक खऱ्या कारणाची लाज बाळगतात, कारण ‘पैसे नाहीत’ म्हटलं की आपली किंमत कमी होईल असं त्यांना वाटतं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी निमंत्रण नाकारणाऱ्यांच्या कारणांचा अभ्यास केला. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘पैशाची अडचण आहे’ म्हणणाऱ्यावर लोकांनी जास्त विश्वास ठेवला, कारण वेळ माणसाच्या हातात असतो आणि पैशाची तंगी तितकीशी हातात नसते, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तो अभ्यास उसनवारीचा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. पण खिशाची खरी स्थिती सांगितल्याने माणूस दूर जात नाही, एवढं त्यातून दिसतं.

मागणाऱ्याच्या बाजूचीही एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. २००८ मध्ये फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी काही जणांना अनोळखी लोकांकडे छोटी मदत मागायला पाठवलं. किती जणांना विचारावं लागेल, याचा अंदाज आधी घेतला होता. प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. मागणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक होकार देतात, कारण तोंडावर ‘नाही’ म्हणणं समोरच्याला किती अवघड जातं हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. म्हणजे मित्र फोन करतो तेव्हा नकाराची शक्यता त्याने मनाशी धरलेली असते. आपल्याला तो नकार जेवढा भयंकर वाटतो, तेवढा त्याला बहुधा वाटत नाही.

मग बोलायचं कसं? पहिल्या फोनवर लगेच ‘नाही’ म्हणण्याची गरज नाही, पण वेळ मागायची तर ती नेमकी मागावी. ‘मला आज रात्री घरी बसून हिशेब बघू दे, उद्या सकाळी दहाच्या आत मीच फोन करतो’ असं म्हणावं आणि तो फोन दहाच्या आत करावा. शक्य असेल तर भेटावं. नकार व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नये. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, आणि दुखावलेला माणूस ते पुन्हा पुन्हा वाचतो.

चाकणच्या मित्राचा फोन साधारण असा होऊ शकतो. ‘काल तू विचारलंस ते बरं केलंस. मी रात्री सगळं मांडून बघितलं. मला हे पैसे देता येणार नाहीत, आत्ताही नाही आणि पुढच्या महिन्यातही नाही, म्हणून तू माझ्यावर विसंबून राहू नकोस. आमच्याकडे आहे ते चार महिन्यांच्या खर्चाएवढं आहे. पोरीचा प्रवेश मात्र व्हायलाच पाहिजे. महाविद्यालयाने दिलेला फीचा कागद मला पाठव, संध्याकाळी दोघं बसून बघू.’

यातलं ‘पुढच्या महिन्यातही नाही’ हे सगळ्यात कठीण वाक्य आहे आणि तेच सर्वांत उपयोगाचं. त्यामुळे आशेचा धागा लोंबकळत राहत नाही. माफी एकदाच मागावी किंवा मागूच नये. पाच वेळा ‘सॉरी’ म्हटलं की उलट मित्रालाच आपली समजूत घालत बसावी लागते. ‘धंद्यात एवढी उधारी कशाला करायची’ असा उपदेश तर अजिबात नको. पैसे न देणाऱ्याने सल्ला दिला की तो सल्ला टोचतो.

यावर मित्राकडून एक पर्याय हमखास येतो. ‘तुझ्या नावावर कर्ज काढ, हप्ते मी भरतो.’ नोकरदार माणसाला वैयक्तिक कर्ज चटकन मिळतं, दुकानदाराला तितकं नाही, म्हणून मागणी रास्त वाटते. दीड लाखाचं कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ५,१२७ रुपये येतो. मित्राने एक महिना हप्ता चुकवला, तर ज्या घरात महिन्याला ३,००० उरतात तिथे दोन हजारांची खोट येते. बँकेच्या दप्तरात मित्राचं अस्तित्वच नसतं. थकलेला हप्ता कर्जदाराच्या पतनोंदीत उमटतो, आणि पुढे घरकर्ज किंवा वाहनकर्ज घेताना त्याचीच विचारणा होते.

जामीन राहण्याची विनंती त्याहून फसवी असते, कारण तिथे पैसे द्यावे लागतच नाहीत असा समज आहे. ‘नुसती सही तर करायची आहे’ म्हणून पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेले लोक गावोगाव भेटतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडे आधी वसुली करून मगच जामीनदाराकडे या, असा हट्ट धरता येत नाही. सहकारी पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला, तर तो जामीनदाराच्या पगारापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून परवडत नसलेल्या रकमेला जामीन राहणं हे ती रक्कम उसनी देण्यासारखंच धरावं, आणि नकारही तसाच द्यावा : ‘ही रक्कम मला भरावी लागली तर मी भरू शकणार नाही, म्हणून सही करत नाही.’

बायकांच्या मैत्रीत हीच मागणी बांगड्यांच्या रूपाने येते. ‘दोन महिन्यांसाठी दे गं, तारण ठेवते, सोडवून आणते.’ दागिना तारण ठेवताना तो आपल्याच मालकीचा आहे असं कर्जदाराला लिहून द्यावं लागतं. मैत्रिणीने ते लिहून दिलं की आपल्या बांगड्या कागदावर तिच्या होतात, आणि हप्ते थकले तर लिलावाची नोटीसही तिच्याच पत्त्यावर जाते. दागिना देणाऱ्या बाईला कळतं ते सगळ्यांत शेवटी.

आता फीच्या कागदाकडे वळू. नकारानंतर जिव्हाळा टिकतो तो याच टप्प्यावर, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. ‘दुसरी काही मदत लागली तर सांग’ असं म्हणून ते फोन ठेवतात, आणि असं म्हटल्यावर कुणीच काही सांगत नाही. संध्याकाळी दोघं बसले तर दीड लाखाची फोड अशी निघू शकते : शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क ९,०००, वसतिगृह आणि खानावळीचे आगाऊ ३६,०००, पुस्तकं आणि साहित्य १५,०००.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, प्रवर्गाचं प्रमाणपत्र, जागा मिळाल्याचं पत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. विकास शुल्क यात येत नाही. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आधी वसूल करू नये अशा सूचना असूनही काही महाविद्यालयं पूर्ण रक्कम मागतात. तिथे शासन निर्णयाची प्रत घेऊन प्राचार्यांना भेटावं लागतं, आणि अशा भेटीला सोबत गेलेला मित्र पैशांहून कमी मोलाचा नसतो.

दुकानदाराची मुलगी या अटींत बसत असेल, तर ९०,००० गळतात. दीड लाखाची गरज ६०,००० वर येते. कराडच्या दुकानदाराला साठ हजार उभे करणं दीड लाखापेक्षा खूपच सोपं आहे. घरातलं सोनं असेल तर बँकेचं तारण कर्ज एका दिवसात होतं. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरतं. मात्र मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाकायला हवा. ‘बघतो’ म्हणून घालवलेल्या आठ दिवसांची किंमत इथे कळते. मुलगी अटींत बसत नसेल तर गरज दीड लाखाचीच राहते आणि शैक्षणिक कर्ज हाच मुख्य रस्ता उरतो. पण तेही त्याच संध्याकाळी कळलेलं बरं.

मित्राने परवानाधारक नसलेल्या सावकाराकडे किंवा मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या एखाद्या अनोळखी ॲपकडे जायची भाषा केली, तर मात्र गप्प राहू नये. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना लागतो, आणि परवाना तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारून खात्री करता येते.

थोडे पैसे द्यावेत का, हा प्रश्न उरतोच. देता येतात, पण दोन गोष्टी पाळून. रक्कम अशी असावी की ती परत आली नाही तरी तिची आठवण होऊ नये, आणि ती मागितलेल्या रकमेतली तुटपुंजी भरपाई म्हणून देऊ नये. दीड लाख मागणाऱ्याला ‘पाच हजार घे’ म्हटलं तर तो ओशाळतो. तेच पाच हजार प्रवेश झाल्यावर घरी जाऊन मुलीच्या हातात पाकिटातून दिले, ‘पुस्तकं घे गं’ म्हणून, तर काकाने पुतणीला दिल्यासारखं होतं. हिशेबाची वही तिथे येतच नाही.

कधी कधी मागणीच वेगळी असते. मित्र कारण सांगत नाही, ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणतो, एकाच आठवड्यात तीन मित्रांना फोन गेलेले असतात, किंवा एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज मागतो. ऑनलाइन जुगार किंवा कर्जाचं चक्र यांची ही लक्षणं असतात. नकार तोच राहतो, पण संध्याकाळची बैठक फीच्या कागदावर होत नाही, सगळ्या देण्यांच्या यादीवर होते. आणि मागणी फोनऐवजी नुसत्या संदेशातून आली असेल तर आधी मित्राच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावून त्याचा आवाज ऐकावा. खातं ताब्यात घेऊन ओळखीच्या लोकांकडे पैसे मागणं हा सध्या सर्रास चालणारा गुन्हा आहे.

नकारानंतरचे पंधरा दिवस अवघडलेले जातात. दोघंही फोन टाळतात, कारण पहिला फोन केला की पैशांचा विषय निघेल अशी धास्ती असते. तो फोन नकार देणाऱ्याने करावा आणि नेहमीच्या कारणाने करावा : गावची जत्रा, क्रिकेटचा सामना, शाळेतल्या बाईंची तब्येत. ‘झाली का सोय?’ असं रोज विचारणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं आहे. एकदा विचारावं, उत्तर ऐकावं आणि विषय त्याच्यावर सोडावा. मित्र चिडून दोन महिने बोललाच नाही, तर त्याला तेवढा वेळ द्यावा, पण त्याच्या घरच्या कार्याला, आजारपणाला किंवा दुःखाच्या प्रसंगी न बोलावता जावं. काही जण तरीही परत येत नाहीत, हेही मान्य करावं लागतं. पैसे दिले असते तर ते राहिले असते, याचीही खात्री नव्हती.

पुढच्या वर्षी फीचा प्रश्न पुन्हा उभा राहणारच. महाडीबीटीवरच्या अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात दाखल्यांसाठी रांगा लागतात. ‘या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला काढलास का?’ असा फोन चाकणहून कराडला मे महिन्यातच गेला, तर दुकानदाराला जूनमध्ये पुन्हा ‘एक काम होतं’ म्हणायची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. आणि ती आलीच, तर या वेळचं उत्तर द्यायला सकाळचे दहा वाजायची वाट पाहावी लागणार नाही. दोघांनाही एकमेकांच्या घरचे आकडे आता ठाऊक असतात.